लाभांशावरून शेअरची किंमत काढताना उत्तर उणे का येतं?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. वडिलांनी घेतलेले आयटीसीचे ४०० शेअर माझ्या नावावर आहेत. लाभांशावरून शेअरची किंमत काढायचं सूत्र एका कार्यशाळेत शिकलो आणि घरी वहीत करून पाहिलं. २०१८-१९ चा लाभांश ५.७५ रुपये, २०२२-२३ चा १५.५०, म्हणजे वर्षाला २८ टक्के वाढ. त्यानंतरचा २०२४-२५ चा लाभांश १४.३५, तो आधार धरला. परताव्याच्या जागी माझ्या बँकेतल्या ठेवीचा ७.२५ टक्के दर घातला. उत्तर आलं उणे ८८ रुपये! मग वाढ ७ टक्के धरली, तर किंमत आली ६,१४२. हा हिशेब केला तेव्हा, म्हणजे २०२५ मध्ये, बाजारात शेअर ४०० च्या आसपास होता. सूत्र चुकीचं की मी? ग्रॅच्युइटीतले पाच लाख इथे घालायचा विचार आहे, म्हणून विचारतो.

उत्तर : काका, नमस्कार. तुमची आकडेमोड मी पुन्हा करून पाहिली, गुणाकार-भागाकारात कुठेही चूक नाही. सूत्रही बरोबर आहे. अडचण आहे ती सूत्रात घातलेल्या दोन दरांमध्ये, आणि दोन्ही दरांची गोष्ट वेगवेगळी आहे. पण त्याआधी हे सूत्र नेमकं कशाची बेरीज करतं ते बघू या, म्हणजे उणे उत्तर कुठून आलं ते आपोआप कळेल.

```
P = D1 / (r - g)
```

P म्हणजे शेअरची किंमत, D1 म्हणजे पुढच्या वर्षी मिळणारा लाभांश, r म्हणजे या शेअरकडून तुम्हाला हवा असलेला परतावा आणि g म्हणजे लाभांशाच्या वाढीचा दर, तोही कायमचा. एवढ्या छोट्या सूत्रात पुढच्या अनंत वर्षांचे लाभांश मांडलेले आहेत. समजा, तुम्हाला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे आणि लाभांश दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल असं वाटतं. आधार धरलेले १४.३५ पुढच्या वर्षी १५.३५ होतील. पण ते वर्षभराने मिळणार, म्हणून १२ टक्क्यांच्या हिशेबाने त्यांचं आजचं मोल १३.७१ रुपये. दहाव्या वर्षीच्या लाभांशाचं आजचं मोल भरतं ९.०९ रुपये आणि पन्नासाव्या वर्षीच्या लाभांशाचं १.४६. लाभांशाचा आकडा दरवर्षी वाढतोय, तरी त्याचं आजचं मोल दरवर्षी थोडं थोडं घटतंय. ते असं घटत जातं म्हणूनच अनंत वर्षांची बेरीज एका आकड्याशी येऊन थांबते. इथे ती थांबते ३०७ रुपयांवर.

आता वाढ २८ टक्के आणि परतावा ७.२५ टक्के घेतला की काय होतं? पुढच्या प्रत्येक वर्षीचा लाभांश आजच्या मोलात आधीच्या वर्षीच्या लाभांशापेक्षा मोठा होत जातो. ही बेरीज कुठेच थांबत नाही. वर दिलेलं सूत्र फक्त थांबणाऱ्या बेरजेसाठी आहे, त्यामुळे वाढीचा दर परताव्याच्या दराइतका किंवा त्याहून मोठा असला तर ते लागूच होत नाही. तरी आकडे घातले की भागाकार होतो आणि काहीतरी उत्तर येतं. उणे ८८ ही शेअरची किंमत नाही. धरलेली वाढ कायमची असू शकत नाही, एवढंच ते उत्तर सांगतंय.

६,१४२ चं उत्तर मला जास्त धोक्याचं वाटतं. उणे आकडा पाहून माणूस थबकतो तरी. सात टक्के वाढ आणि सव्वासात टक्के परतावा यांच्यातला फरक फक्त पाव टक्का. १५.३५ ला ०.००२५ ने भागलं की हजारांतच उत्तर येणार. या सूत्राचा सगळा जीव त्या खालच्या वजाबाकीत आहे. ती जितकी लहान, तितकं उत्तर बेभरवशाचं. मी स्वतः हा फरक तीन टक्क्यांच्या खाली गेला की त्या उत्तराकडे बघत नाही.

आता परताव्याचा दर. बँकेतल्या ठेवीचा दर इथे चालत नाही, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. ठेवीवर व्याज किती, ते पावतीवर छापलेलं असतं. लाभांश दरवर्षी संचालक मंडळ ठरवतं आणि तो कमी करायला किंवा थांबवायला त्यांना तुमची परवानगी लागत नाही. मुद्दलाचंही तसंच. जुलै २०१७ मध्ये सिगारेटवरचा जीएसटी उपकर वाढला आणि दुसऱ्याच दिवशी आयटीसीचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त कोसळला. ठेवीत असं होत नाही. ही जोखीम घ्यायची तर तिचा मोबदला वेगळा मागायला हवा. साधी पद्धत अशी : केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर साधारण साडेसहा ते सात टक्के मिळतात असं धरायचं आणि शेअरच्या जोखमीसाठी वर पाचेक टक्के चढवायचे. म्हणजे १२ च्या आसपास. आयटीसीचा शेअर बाजारापेक्षा कमी हेलकावे खातो, म्हणून कुणी ११ धरेल. त्याला माझी हरकत नाही. पण ७.२५ धरणं म्हणजे जोखीम फुकट घेणं.

आता तुमच्या २८ टक्क्यांकडे वळू, कारण खरी शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे. २०१८-१९ चा लाभांश ५.७५ आणि त्याच्या लगेच पुढच्या वर्षीचा, म्हणजे २०१९-२० चा, १०.१५. एका वर्षात ७६ टक्के उडी. त्या वर्षी कंपनीचा नफा इतका वाढला होता का? नाही. प्रतिशेअर नफा दहा रुपयांच्या थोडा वरून बारा रुपयांच्या थोडा वर गेला, म्हणजे वीसेक टक्के वाढ. बाकीची उडी आली वाटपाच्या प्रमाणातून. आधी कंपनी नफ्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग भागधारकांना देत होती. २०२० मध्ये तिने धोरण जाहीर केलं की इथून पुढे नफ्याच्या ८० ते ८५ टक्के वाटू. त्याच सुमारास कराचा नियमही बदलला. कंपनीने भरायचा लाभांश वितरण कर १ एप्रिल २०२० पासून रद्द झाला आणि कर भागधारकाच्या हातात लागू लागला.

शंभरातले छप्पन वाटणारी कंपनी एकदा ब्याऐंशी वाटू लागू शकते. त्यापुढे कुठे जाणार? कायम शंभराच्या वर तर नाही. त्यामुळे वाटपाचं प्रमाण वाढल्याने आलेली वाढ एकदाच मिळते. तिला कायमच्या वाढीच्या खणात टाकलं की सूत्र बिघडणारच. तुमच्या दुसऱ्या टोकाच्या वर्षातही एक गोम आहे. २०२२-२३ च्या १५.५० मध्ये २.७५ रुपये विशेष लाभांश होता. ‘विशेष’ याचा अर्थच असा की पुढच्या वर्षी तो मिळेल असं गृहीत धरू नका. तो काढला तर नियमित लाभांश १२.७५ उरतो. म्हणजे सुरुवातीचं वर्ष उडीच्या आधीचं आणि शेवटचं वर्ष विशेष लाभांशाचं, असा दोन्हीकडून फुगलेला आकडा तुमच्या हाती लागला.

उडीनंतरपासून मोजून बघा. २०१९-२० चे १०.१५ आणि २०२४-२५ चे १४.३५. पाच वर्षांत वर्षाला सुमारे ७.२ टक्के. हा आकडा पटण्यासारखा वाटतो, कारण त्यात वाटपाच्या प्रमाणातली ती मोठी उडी नाही आणि विशेष लाभांशही नाही. अशी टोकांची निवड इतर कंपन्यांत आणखी फसवते. कोल इंडियाचा लाभांश २०१३-१४ ला २९ रुपये, २०१९-२० ला १२ आणि २०२३-२४ ला २५.५०. यातली कोणती दोन वर्षं घ्याल त्याप्रमाणे वाढ जोरदारही दिसेल आणि उणेही. अशा कंपनीला कायम एकाच दराने वाढणाऱ्या लाभांशाचं सूत्र लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या आकड्यांवर सगळा भार न टाकता वाढीचा दर दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. कंपनी नफ्यातला जो भाग ठेवून घेते, त्यावर ती किती कमावते ते बघायचं. आयटीसी पंधरा टक्के ठेवून घेते आणि भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास कमावते असं धरलं, तर या दोहोंचा गुणाकार ४.२ टक्के येतो. नवं भांडवल घालून होणारी वाढ एवढीच. उरलेली वाढ येते ती दरवाढीतून. सिगारेटच्या पाकिटाची किंमत वाढवायला नवा कारखाना लागत नाही. म्हणून दीर्घकाळासाठी सहा-सात टक्के मला पटतात, आठ जरा ताणून धरल्यासारखे वाटतात. दहा तर नकोतच. आपली अर्थव्यवस्था महागाई धरून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि तिचाही वेग पुढे मंदावत जाणार. एखादी कंपनी कायम त्या वेगाने वाढत राहिली तर तिचा वाटा कधीच कमी होत नाही, असं मानावं लागतं. सिगारेटच्या धंद्याबद्दल असं मानायला मी तयार नाही.

परतावा १२ टक्के ठेवून आता तीन वेळा किंमत काढते. वाढ ७ टक्के धरली तर ३०७ रुपये, ८ धरली तर ३८७ आणि ९ धरली तर ५२१. वाढीच्या अंदाजात इकडेतिकडे एक टक्का झाला की किंमत ऐंशी ते एकशे तीस रुपयांनी हलते. आणि पुढच्या पन्नास वर्षांची वाढ एक टक्क्याच्या आत अचूक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे ‘या सूत्राने शेअरची खरी किंमत ३८७ आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला विचारा की वाढीचा दर कुठून आणलात.

याच कारणाने मी हे सूत्र बहुतेक वेळा उलटं चालवते. किंमत काढायची नाही, ती बाजार रोज सांगतोच. त्या किमतीत किती वाढ गृहीत धरली आहे ते काढायचं. सूत्राची मांडणी फिरवली की असं मिळतं :

```
g = (r × P - D0) / (P + D0)
```

D0 म्हणजे नुकताच मिळालेला वर्षाचा लाभांश. किंमत ४००, परतावा १२ टक्के आणि लाभांश १४.३५ घाला. वर ४८ वजा १४.३५ म्हणजे ३३.६५, खाली ४१४.३५, आणि उत्तर ८.१ टक्के. म्हणजे ४०० रुपये मोजून बारा टक्के हवे असतील, तर लाभांश कायम ८.१ टक्क्यांनी वाढायला हवा. ११ टक्क्यांवर समाधान असेल तर ७.२ टक्के पुरतील. वर मोजलेल्या पाच वर्षांची चालही तेवढीच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता प्रश्न बराच सोपा झाला. ‘किंमत किती’ हा प्रश्न बाजूला राहतो आणि ‘एवढी वाढ कायम टिकेल असं मला वाटतं का’ हा समोर येतो. त्यावर तुम्ही शेजारच्या किराणा दुकानदाराशीही बोलू शकता, कारण सिगारेट आणि आटा किती खपतो ते त्याला माहीत असतं.

कायम एकच दर धरणं अवघड वाटत असेल तर दोन टप्पे करता येतात. समजा, पहिली पाच वर्षं ९ टक्के वाढ आणि त्यानंतर कायम ६ टक्के. परतावा १२ च. पहिल्या पाच लाभांशांचं आजचं मोल ६६ रुपये भरतं. सहाव्या वर्षीचा लाभांश २३.४० येतो, त्याला ६ टक्क्यांच्या फरकाने भागलं की पाचव्या वर्षाअखेरची किंमत ३९० येते, आणि तिचं आजचं मोल २२१. एकूण २८७ किंवा २८८. यात एक गोष्ट नीट बघा : तीन चतुर्थांशांहून जास्त किंमत पाच वर्षांनंतरच्या काळातून आली. टप्पे पाडले म्हणून अंदाज जास्त खात्रीचा झाला असं नाही, फक्त सुरुवातीच्या जोमदार वाढीला कायमची वाढ समजण्याची चूक टळली.

एक उणीव सांगायलाच हवी, कारण ती तुमच्याच शेअरला लागू आहे. हे सूत्र फक्त रोख लाभांश मोजतं. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीचा हॉटेलांचा धंदा वेगळा झाला आणि दर दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर मिळाला. म्हणजे तुमच्या डीमॅट खात्यात ४० शेअर आलेले असायला हवेत. नसतील तर आधी तेवढं तपासा. वडिलांच्या वेळचे शेअर अजून कागदी असतील, तर हे हमखास राहून गेलेलं असतं. हे मोल लाभांशाच्या यादीत कुठेच दिसत नाही. तसंच २०१६ मध्ये दोन शेअरमागे एक बोनस दिला गेला. त्याआधीचे लाभांश तुम्ही कधी तुलनेला घेतलेत तर त्यांना दीडने भागून घ्या, नाहीतर लाभांश घटल्याचा भास होईल.

आता ग्रॅच्युइटीचे पाच लाख. ४०० च्या भावाने १,२५० शेअर येतील आणि १४.३५ प्रमाणे वर्षाला १७,९३७ रुपये हाती पडतील. तेच पाच लाख ७.२५ टक्क्यांच्या ठेवीत ३६,२५० रुपये देतील. लाभांश वर्षाला ७ टक्क्यांनी वाढत गेला तरी ठेवीच्या व्याजाएवढा व्हायला दहा वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. दोन्हींवर कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच लागतो, फक्त जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ नागरिकाला ठेवीच्या व्याजावर काही वजावट मिळते. शेअरच्या बाजूने बोलायचं तर दहा वर्षांनंतरही लाभांश वाढत राहील, व्याज मात्र तेवढंच राहील, आणि तोवर शेअरची किंमतही वाढलेली असू शकते. पण हा फायदा मिळतो तो थांबता येणाऱ्या माणसाला.

म्हणून माझा सल्ला असा. या पाच लाखांतून घरखर्च किंवा औषधपाणी भागवायचं असेल, तर ते ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाऊ द्या. निवृत्तिवेतनातून घर नीट चालत असेल आणि हा पैसा दहा-बारा वर्षं लागणार नसेल, तर त्यातला काही भाग शेअरमध्ये जायला हरकत नाही. पण सगळा एकाच कंपनीत नको. तुमच्याकडे आधीच ४०० शेअर आहेत, ४०० च्या भावाने एक लाख साठ हजारांचे. त्यात आणखी पाच लाख घातले तर सिगारेटवरच्या कराचा एक निर्णय तुमच्या सगळ्या बचतीला हलवून जाईल. आहेत ते शेअर केवळ या सूत्राच्या उत्तरावरून विकायचीही गरज मला दिसत नाही. ७.२ ते ८.१ टक्के वाढीची अपेक्षा जरा चढी आहे, पण वेडी नाही.

वही ठेवायची तुमची सवय मला फार आवडली, म्हणून तिच्यासाठी एक काम सुचवते. मे महिन्यात वार्षिक निकाल आले की तीन आकडे एका ओळीत लिहायचे : प्रतिशेअर नफा, त्यातला नियमित लाभांश आणि विशेष लाभांश असल्यास तो वेगळा. नियमित लाभांशाला नफ्याने भागलं की वाटपाचं प्रमाण मिळेल. नफा सात टक्क्यांनी वाढून लाभांश सात टक्क्यांनी वाढला, तर आपलं गृहीतक चालू आहे. नफा जागच्या जागी आणि लाभांश मात्र वाढतोय असं दोन वर्षं सलग दिसलं, तर कंपनी हातचं राखलेलं वाटतेय असं समजा आणि सूत्रातला वाढीचा दर त्याच दिवशी खाली आणा.